चेक ७८,५०० चा, मग नोटिशीत १,३१,२०० कुठून आले?

सर, आमचा इचलकरंजीत मिठाईचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे, माझ्या नावावर. निपाणीच्या एका मिठाईवाल्याला दिवाळीला माल दिला. तीन बिलं होती, २१४ नंबर ४१,३००, २२१ नंबर ३७,२०० आणि २२९ नंबर ६७,७००. पहिल्या दोन बिलांचा मिळून ७८,५०० चा चेक त्यांनी नोव्हेंबरमध्येच देऊन ठेवला, तारीख ५ जानेवारी २०२६ ची. डिसेंबरात १५,००० जीपे केले ते मी २२९ मध्ये धरले. ६ जानेवारीला चेक टाकला, ७ ला बँकेचा मेसेज आला की परत आला, पैसे नाहीत. मेमो हातात १४ ला मिळाला. १० तारखेला मी व्हॉट्सअॅप केला, "दादा चेक परत आला, काय करायचं", त्यावर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. भाच्याने नेटवरून नोटीस बनवून दिलीये, त्यात सगळी बाकी १,३१,२०० अधिक २४ टक्के व्याज अधिक ५,००० नोटीस खर्च, ७ दिवसांत द्या नाहीतर पोलिसात देऊ असं आहे. तो म्हणतो ३० दिवस १४ तारखेपासून मोजायचे म्हणजे अजून खूप वेळ आहे. हे बरोबर आहे का? आणि केस केली तर मला निपाणीला, म्हणजे कर्नाटकात फेऱ्या माराव्या लागतील का? वकिलाकडूनच पाठवावी लागते का?
– खोकेवाली ताई, इचलकरंजी

ताई, भाच्याचा मसुदा पाठवू नका. मुलगा हुशार असेल, पण त्या एका कागदात त्याने रक्कम चुकवलीये, मुदत चुकवलीये आणि वर धमकी पण नको ती घातलीये, आणि चेक बाऊन्सच्या, म्हणजे कलम एकशे अडतीसच्या केसमध्ये नोटीस चुकली की पुढे कितीही चांगला वकील दिला तरी फार काही हाती लागत नाही.

आधी रकमेचं घेतो कारण सगळ्यात जास्त केसेस इथेच मरतात. कायदा म्हणतो की चेक परत आल्यावर तुम्ही "ती रक्कम" मागायची, आणि ती रक्कम म्हणजे चेकवर लिहिलेली रक्कम, तुमच्या वहीतली बाकी नाही. तुमच्या मनात हिशोब एकच आहे, या माणसाकडून १,३१,२०० यायचेत, आणि व्यवहार म्हणून ते खरंच आहे, पण परत आलेला कागद ७८,५०० चा आहे आणि फौजदारी केस त्या कागदावर उभी राहते. उरलेले ५२,७०० ही साधी उधारी आहे, त्यासाठी कुठलाच चेक बाऊन्स झालेला नाही. दोन्ही एकत्र करून १,३१,२०० मागितले की समोरचा वकील कोर्टात एवढंच विचारतो की या नोटिशीत चेकची रक्कम नक्की कुठे मागितलीये ते दाखवा, आणि आपण कागद उलटापालटा करत बसतो. मी नवीन वकिली सुरू केली तेव्हा एक अशील अशीच स्वतः पाठवलेली नोटीस घेऊन आला होता, चेक ४०,००० चा आणि मागणी ९१,००० ची, माणूस शंभर टक्के खरा, बिलं चोख, पण नोटीस बघूनच पोटात गोळा आला होता आणि शेवटी झालं पण तेच, केस गेली. टायपिंगमध्ये चूक झाली हे पण कोर्ट ऐकून घेत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात हेच सांगितलं, चेक एक कोटीचा होता, नोटिशीत दोन कोटी पडलं होतं, टाइप करताना चुकलं म्हणाले, तरी नोटीस बाद. म्हणून आकडा आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहा आणि पाठवण्याआधी चेकशेजारी ठेवून दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

व्याज, बँकेने कापलेला रिटर्न चार्ज आणि नोटीस खर्च यांचं म्हणाल तर, चेकची रक्कम स्वच्छ वेगळी मागून खाली हे वेगळे आकडे मागितले तर नुसत्या तेवढ्याने नोटीस बाद होत नाही. पण मी स्वतः ते घालत नाही आणि तुम्ही पण घालू नका. दोनपाचशे रुपयांसाठी उलटतपासणीत अर्धा तास कशाला घालवायचा. आणि २४ टक्के व्याज कुठल्या बिलावर छापलंय का तुमच्या? नसेल तर तो आकडा भाच्याचा आहे, तुमचा नाही.

आता ते १५,००० जीपेचं. तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, पण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणातली नाजूक जागा तीच आहे. चेक नोव्हेंबरमध्ये दिलेला, तारीख जानेवारीची, आणि मधे डिसेंबरात पैसे आले. समोरचा उद्या म्हणणार की ते १५,००० मी चेकपैकीच दिले होते, म्हणजे चेक टाकला त्या दिवशी माझं देणं ६३,५०० च होतं आणि यांनी मुद्दाम पूर्ण ७८,५०० चा टाकला. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये दशरथभाई पटेल केसमध्ये म्हटलंय की चेक दिल्यानंतर पण वटवण्याआधी त्यातली काही रक्कम आली असेल तर चेकवर तशी नोंद करावी लागते, नोंद न करता पूर्ण रकमेचा टाकला आणि परत आला तर तो गुन्हाच होत नाही. म्हणून आधी फोन काढा आणि जीपेच्या त्या एन्ट्रीवर टच करून बघा, पाठवताना त्यांनी काही लिहिलंय का, आणि त्या दिवसाच्या आसपासचं व्हॉट्सअॅप पण बघा.

"२२९ चे" असं काही लिहिलेलं सापडलं तर तुम्ही निवांत, स्क्रीनशॉट काढा, प्रिंट फाइलला लावा. काहीच लिहिलेलं नसेल तरी घाबरू नका, कारण देणाऱ्याने कुठल्या बिलाचे ते सांगितलं नसेल आणि व्यवहारावरून पण कळत नसेल तर घेणाऱ्याने ते कुठल्याही येणं असलेल्या बिलात वळते करायचे, हे करार कायद्याच्या कलम ६० मध्येच आहे. फक्त तुमच्या खातेवहीत ते २२९ मध्ये डिसेंबरातच जमा पडलेले दिसले पाहिजेत. टॅलीत आज बसून मागची एन्ट्री बदलू नका, ती कधी बदलली हे कळतं आणि मग खऱ्याचं पण खोटं होतं. आणि जर, देव करो आणि तसं नसो, त्यांनी "चेकपैकी १५" असं लिहिलेलं निघालं तर हा चेक विसरा, त्यावर नोटीसच पाठवू नका, बाकीचा नवीन चेक मागा नाहीतर दिवाणी दावा. हे आज कळलेलं बरं, दोन वर्षं तारखा करून कळण्यापेक्षा. पुढचं सगळं मी पहिल्या दोनपैकी एक निघेल असं धरून लिहितोय.

नोटीस कुणाच्या नावाने, हे तुम्ही विचारलेलं नाही पण मीच विचारतो, कारण मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा एक आणि खातं दुसऱ्याच्या नावावर हे फार बघितलंय. ज्याच्या खात्याचा चेक आणि ज्याची सही, कलम १३८ त्याला लागतं. तुम्ही ज्यांना "दादा" म्हणता ते दुकान चालवत असतील, पण चेकवर सहीखाली प्रोप्रायटर म्हणून कुणाचं नाव छापलंय ते नीट बघा. बायकोचं असेल तर नोटीस बायकोला जाते, दादा कितीही गोड बोलून माल घेऊन गेले असले तरी. चेकवर नुसतं दुकानाचं नाव असेल तर जीएसटीच्या साइटवर 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये त्यांचा जीएसटी नंबर टाका, तुमच्या बिलावर तो असेलच, तिथे कायदेशीर नाव आणि धंदा प्रोप्रायटरशिप आहे की पार्टनरशिप ते दिसतं. पार्टनरशिप निघाली तर फर्मला आणि सही करणाऱ्या पार्टनरला दोघांना पाठवा. तुमच्याकडून पण तसंच, चेक कारखान्याच्या नावाने असेल तर नोटीस "अमुक बॉक्सेस तर्फे प्रोप्रायटर" म्हणून तुम्ही सही करायची.

दिवस मोजायचं बघू. भाचा म्हणतो १४ पासून, कारण मेमो १४ ला मिळाला. कायद्यात शब्द असा आहे की चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, आणि तुम्हाला माहिती ७ तारखेला मेसेजने मिळालीये, वर १० ला तुम्हीच त्यांना "चेक परत आला" म्हणून लिहिलंय, म्हणजे ७ ला माहीत होतं हे तुमच्याच फोनमध्ये आहे. १४ वर वाद घालता येईल, पण वाद घालायची वेळ आणायचीच कशाला. ७ धरा. पहिला दिवस ८ जानेवारी, तिसावा दिवस ६ फेब्रुवारी. त्या दिवसापर्यंत नोटीस पोस्टात पडली पाहिजे, त्यांच्या हातात पडलीच पाहिजे असं नाही, पण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आज बुधवार २१ तारीख आहे, परवा शुक्रवारी २३ ला टाका, शनिवार रविवार गेला की सोमवारी २६ जानेवारीची सुट्टी आहे.

समजा मंगळवारी २७ ला निपाणीत त्यांनी सही करून घेतली. इथून १५ दिवस त्यांचे, आणि हे १५ दिवस नोटिशीच्या तारखेपासून नाही, पोस्टात टाकल्यापासून पण नाही, त्यांना मिळाल्यापासून मोजतात, मिळाल्याचा दिवस सोडून. म्हणजे २८ जानेवारी पहिला आणि ११ फेब्रुवारी पंधरावा. ११ तारखेला रात्री अकरा वाजता जरी पूर्ण ७८,५०० तुमच्या खात्यात आले तरी गुन्हा झालाच नाही, विषय संपला. ती मुदत संपायच्या आत तुम्ही कोर्टात तक्रार टाकू शकत नाही, उतावीळपणे १० फेब्रुवारीला टाकली तर ती तक्रारच धरत नाहीत, २०१४ पासून यावर सुप्रीम कोर्टाचा स्पष्ट निकाल आहे. १२ फेब्रुवारीपासून तुमचा एक महिना सुरू होतो, इथे ३० दिवस नाही, कॅलेंडरचा महिना, फेब्रुवारी २८ दिवसांचा असला तरी. मी असतो तर ११ मार्च ही शेवटची तारीख म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केला असता आणि वकिलाला फेब्रुवारी संपायच्या आत कागद दिले असते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागायची सोय आहे, पण दिवाळीनंतरची मंदी हे सबळ कारण नाही.

तर भाच्याचे ७ दिवस का नकोत हे आता कळलं असेल. १५ दिवस कायद्याने दिलेले आहेत, तुम्ही ७ लिहिलं म्हणून ते ७ होत नाहीत, फक्त समोरच्याला बोलायला एक मुद्दा मिळतो. सरळ लिहा, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत.

आणि पोलिसात देऊ हे वाक्य काढा. एकशे अडतीसमध्ये पोलीस येत नाहीत, तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात लेखी तक्रार करायची असते. निपाणीच्या माणसाला हे त्याच्या वकिलाने पाच मिनिटांत सांगितलं की तुमची नोटीस हसण्यावारी जाते. शिक्षा काय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे माहीत असू द्या, नोटिशीत ओरडून लिहायची गरज नाही.

वकिलाकडूनच पाठवली पाहिजे असं काही नाही. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको, कारखान्याच्या लेटरहेडवर तुमच्या सहीने चालते, मराठीत चालते, ते तुमच्याशी इतकी वर्षं मराठीतच बोलतात, बिलावर मराठीतच सही करतात, मग नोटीस कळली नाही कसं म्हणतील. मसुदा मी देतो, नावं पत्ते तुम्ही भरा, चेक नंबर आणि त्यांच्या बँकेचं नाव, शाखा चेक बघून टाका, आठवणीतून नको.

"प्रति, सौ./श्री. (चेकवर सही करणाऱ्याचं पूर्ण नाव), प्रोप्रायटर, (दुकानाचं नाव), (पूर्ण पत्ता), निपाणी.

विषय: न वटलेल्या चेकच्या रकमेची मागणी, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चे कलम १३८ प्रमाणे नोटीस.

आपण आमच्याकडून बिल क्र. २१४ (तारीख) रु. ४१,३०० व बिल क्र. २२१ (तारीख) रु. ३७,२०० असा एकूण रु. ७८,५०० चा माल घेतला. सदर दोन बिलांच्या रकमेपोटी आपण आपल्या (बँक, शाखा) येथील खात्यावरील चेक क्र. (...), दि. ०५/०१/२०२६, रु. ७८,५०० (अक्षरी रुपये अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे फक्त) आम्हास दिला. आपण डिसेंबर २०२५ मध्ये दिलेले रु. १५,००० हे बिल क्र. २२९ पोटी जमा केले असून त्यांचा वरील चेकशी संबंध नाही.

सदर चेक आम्ही दि. ०६/०१/२०२६ रोजी आमच्या (बँक, शाखा, इचलकरंजी) येथील खात्यात वटवण्यासाठी भरला असता तो 'फंड्स इनसफिशियंट' या कारणाने न वटता परत आला. त्याबाबतची माहिती आम्हास बँकेकडून दि. ०७/०१/२०२६ रोजी मिळाली. बँकेचा मेमो सोबत आहे.

तरी या नोटिशीद्वारे आपणास कळवण्यात येते की, सदर चेकची रक्कम रु. ७८,५०० (अक्षरी रुपये अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे फक्त) ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत आम्हास अदा करावी. तसे न केल्यास आपणाविरुद्ध कलम १३८ प्रमाणे सक्षम न्यायालयात तक्रार दाखल करण्यात येईल."

खाली तारीख, सही, शिक्का. एवढंच. यात २२९ ची बाकी मागितलेली नाही, फक्त त्या १५,००० चं स्पष्टीकरण आहे, ते मुद्दाम आत्ताच लिहिलंय, नंतर सांगितलं तर सुचलेलं वाटतं. मेमोवर कारण जे छापलंय तेच शब्द घ्या, तुमच्या पत्रात "पैसे नाहीत" आहे म्हणून मी इनसफिशियंट धरलं, मेमोवर 'अकाउंट क्लोज्ड' किंवा 'पेमेंट स्टॉप्ड' असेल तर तसं लिहा, केस त्यावर पण होते. चेकची आणि मेमोची झेरॉक्स जोडायची, ओरिजिनल कुणालाही द्यायचा नाही, दादा स्वतः दुकानात येऊन "द्या तो चेक, दुसरा देतो" म्हणाले तरी नाही. दुसरा वटला की मग हा द्या.

५२,७०० साठी वेगळं पत्र करा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाकिटात. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर त्या उधारीसाठी एमएसएमईच्या कौन्सिलकडे जायचा रस्ता आहे, तो विषय मोठा आहे, त्यावर परत लिहा.

पाठवताना दुकानाच्या पत्त्यावर एक आणि घरचा पत्ता माहीत असेल तर तिथे एक. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच गेलंय, खिडकीवर सांगा की नोटीस आहे, रजिस्ट्रेशनसकट पाठवायचीये आणि पोच हवी. कुरियरने पाठवू नका असं नाही, पण कोर्टात पोस्टाच्या शिक्क्याला जी किंमत आहे ती त्याला नाही. व्हॉट्सअॅपवर पण पीडीएफ टाका, निळ्या टिका आल्या की तो एक जादा पुरावा, पण भरवसा पोस्टावर. तुमचा १० तारखेचा मेसेज नोटीस म्हणून धरला जाईल का ही शंका मनात असेल तर नाही, त्यात ना रक्कम आहे ना मागणी, नुसतं काय करायचं असं विचारलंय. फक्त इथून पुढे रात्री वैतागून आणखी मेसेज करू नका, तुम्ही तिथे "निदान पन्नास तरी द्या" असं लिहून बसाल आणि मग त्याचाच अर्थ काढत बसावं लागेल.

पाकीट परत आलं तर? "घेण्यास नकार", "दार बंद", "मालक गावाला" असे शेरे येतात, पोस्टमनला चहा पाजला की मालक पटकन गावाला जातात. पत्ता बरोबर असेल तर अशी नोटीस मिळाली असंच कायदा धरतो, २००७ चा सी. सी. अलवी हाजीचा निकाल त्यासाठीच आहे, आणि त्यात हे पण म्हटलंय की मला खरंच मिळाली नाही म्हणणाऱ्याने कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत, नाही भरले तर नोटीस मिळाली नव्हती ही तक्रार करायची नाही. परत आलेलं पाकीट फोडायचं नाही, तसंच बंद वकिलाला द्यायचं. मग १५ दिवस शेऱ्याच्या तारखेपासून मोजायचे की पाकीट तुमच्याकडे आलं त्या तारखेपासून, यावर डोकं लढवत बसू नका, दोन्ही हिशोबात मुदतीत बसेल असा दिवस बघून तक्रार टाका, मधे तेवढी जागा असते.

नोटीस गेल्यावर बहुतेक वेळा काय होतं सांगतो, तेराव्या चौदाव्या दिवशी फोन येतो. "ताई, कशाला एवढं, २०,००० टाकतो, बाकी महिनाअखेर." पैसे घ्या, नाही म्हणू नका, पण त्याच मिनिटाला लिहून कळवा की २०,००० चेकपोटी मिळाले, ५८,५०० बाकी, मुदत ११ फेब्रुवारीच आहे. अर्धे पैसे आले म्हणून तुमचा हक्क जात नाही, पण महिनाअखेर म्हणत म्हणत ११ मार्च निघून गेला तर जातो. दुसरं ते म्हणतील "परत टाका चेक, आता पैसे आहेत खात्यात." टाकू शकता, चेक तारखेपासून तीन महिने चालतो म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, आणि परत बाऊन्स झाला तर नवा मेमो, नवे ३० दिवस, नवी नोटीस. २०१२ पासून सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलंय, आधीच्या नोटिशीवर केस केली नसली तरी दुसऱ्यांदा परत आल्यावर करता येते. म्हणजे समजा या सगळ्यात तुमची ६ फेब्रुवारी हुकली तरी चेक जिवंत आहे तोवर एक दार उघडं आहे. पण मधे २०,००० घेतलेले असतील तर पूर्ण रकमेचा परत टाकू नका, वर १५,००० चं सांगितलं तोच घोळ होतो.

निपाणीच्या फेऱ्यांची काळजी सोडा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक तुम्ही तुमच्या ज्या खात्यात भरला ते खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस चालते. तुमचं खातं इचलकरंजीच्या शाखेत आहे तर केस इचलकरंजीत, येणं जाणं त्यांना. नोटिशीत तुमच्या शाखेचं नाव मी घातलंय ते त्यासाठीच. खातं दुसऱ्या गावच्या शाखेत उघडलेलं असेल आणि इचलकरंजीत नुसता चेक टाकला असेल तर मात्र खात्याची शाखा बघतात, पासबुकच्या पहिल्या पानावर बघून घ्या.

बिलांवर माल मिळाल्याच्या सह्या आहेत ना? टेम्पोवाल्याकडे राहिलेल्या चलनाच्या प्रती या आठवड्यातच मागून घ्या, "चेक नुसता सिक्युरिटी म्हणून दिला होता" हे उत्तर हमखास येतं आणि त्याला तुमच्याकडून उत्तर म्हणजे तेच चलन. आणि शुक्रवारी पोस्टातून बाहेर पडायच्या आधी पावतीवरचं नाव आणि पिनकोड वाचा, चुकलं असेल तर तिथेच बदलून मिळेल. ती पावती थर्मल कागदाची असते, पर्समध्ये उन्हात राहिली की दोन महिन्यांत कोरी होते, त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, फोटो काढा आणि मूळ पावती नोटिशीच्या ऑफिस कॉपीला स्टेपल करून ठेवा.